पुराच्या रात्रीचा हिशेब

संकटात पेढी सावरणाऱ्या माणसाला बक्षीस द्यावे, यावर व्यापारी घरांत दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो कोणाला, किती, केव्हा आणि कोणत्या रूपात द्यावे या प्रश्नांवर. उदार मनाने दिलेले पाकीट कधी कधी दहा माणसांच्या मनात काटा ठेवून जाते, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढील उदाहरण सांगली भागातील पेढ्यांत घडणाऱ्या अशा प्रसंगांवरून बेतलेले आहे. नावे मुद्दामच घेतलेली नाहीत.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तत्पूर्वीचा मोठा पूर २००५ चा, आणि त्याच्या पाण्याची खूण पेठेतल्या पुष्कळ भिंतींवर राखून ठेवलेली होती. पाणी चढू लागले तेव्हा बहुतेक व्यापाऱ्यांनी त्या खुणेच्या वर फूट-दीड फूट माल उचलून ठेवला आणि निश्चिंत झाले. त्या वर्षीचे मोठे नुकसान याच हिशेबाने झाले.

उदाहरणातील पेढी हळद, साखर आणि डाळींची. पगारपत्रकावर अकरा माणसे. माल चढवायला-उतरवायला चार हमालांची टोळी, ती माथाडी मंडळात नोंदलेली. त्यांची मजुरी आणि लेव्ही मंडळात भरली जाते, म्हणून त्यांची नावे पेढीच्या पगारपत्रकात नाहीत. शेठ त्या आठवड्यात चातुर्मासानिमित्त महाराजसाहेबांच्या दर्शनाला पुण्यास गेलेले. रस्ते बंद झाले आणि ते तिकडेच अडकले. पेढीवर उरले ते कर्मचारी आणि फोन.

गोदामपाल पंचवीस वर्षांचा जुना माणूस. शेठांनी फोनवरून सांगितले, माल २००५ च्या खुणेच्या वर घ्या. त्याने ऐकले, पण त्याचे मन मानेना. दुपारपासून पाणी ज्या वेगाने पायरीमागून पायरी घेत होते, तो वेग त्याला वेगळा वाटला. हळदीची २४० पोती त्याने मिरजेच्या बाजूला उंचावर असलेल्या एका नातेवाइकाच्या गोदामात हलवायचे ठरवले. टेम्पोत एका वेळी चाळीस पोती, म्हणजे सहा खेपा. शेवटची खेप निघाली तेव्हा रस्त्यावर गुडघाभर पाणी होते. ती खेप करण्यास कोणी सांगितले नव्हते, टेम्पोचालकाने स्वतःच पाणी पाहून म्हटले, "अजून एक मारतो, उद्या रस्ता राहायचा नाही."

त्याच वेळी गोदामाच्या दुसऱ्या अंगाला पेढीचा तरुण मदतनीस शेठांच्या सांगण्याबरहुकूम साखरेची पोती फळ्यांच्या मांडणीवर चढवत होता, खुणेच्या दीड फूट वर. हमाल दोन्हीकडे धावत होते. दिवाणजींनी सकाळी येऊन वह्या, धनादेश-पुस्तके आणि संगणकाची हार्ड डिस्क पोत्यात गुंडाळून घरी नेली. काउंटरवर बसणाऱ्या बाईंच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले होते. वरच्या मजल्यावर बसून त्यांनी साठ किरकोळ दुकानदारांना फोन केले आणि सोलापूरहून निघालेले डाळीचे दोन ट्रक वाटेतच थांबवले. हेही कोणी सांगितलेले नव्हते.

पाणी ओसरल्यावर दिसले ते असे. हळद सगळी वाचली. साखरेची सत्तर पोती विरघळून गेली. नदीने २००५ ची खूण केव्हाच मागे टाकली होती.

पेढी पुन्हा उघडली त्या दिवशी शेठांनी सर्वांना एकत्र बोलावले. गोदामपालाला शाल, श्रीफळ आणि २१,००० रुपयांचे पाकीट दिले, चार भरल्या गळ्याचे शब्द बोलले. बाकीच्यांना पेढ्यांचा एकेक पुडा. हमाल त्या वेळी बाहेर चिखल उपसत होते. त्यांना बोलावण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

शेठांच्या मनात कृतज्ञताच होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चूक होती ती मोजमापात. त्यांनी वाचलेल्या मालाची किंमत मोजली होती. हळद वाचली म्हणून हळद वाचवणारा मोठा. साखर गेली म्हणून साखर उचलणारा कोणीच नाही. वास्तविक मदतनिसाने गोदामपालाइतकेच तास, तितक्याच अंधारात काम केले होते. त्याची साखर बुडाली ती शेठांनी सांगितलेल्या उंचीमुळे. आणि पाणी दोन फूट खाली थांबले असते तर? मग साखरही वाचली असती आणि हळद हलवण्याची सहा खेपांची दगदग अनाठायी ठरली असती; कदाचित गोदामपालाला डिझेलच्या खर्चाबद्दल बोलणी बसली असती. माणसांचे कष्ट दोन्ही प्रसंगी तेच. बदलली असती ती फक्त नदी. वाचलेल्या मालावर बक्षीस ठरवले की बक्षीस दैवाला मिळते, माणसाला नव्हे.

हे बिनसले आहे, हे शेठांना आठवड्याभरात वेगवेगळ्या वाटांनी कळू लागले. पेढ्यांचे तीन पुडे तसेच टेबलावर राहिले होते. संध्याकाळी सातनंतर टेम्पोचालक फोन उचलीनासा झाला. विमा कंपनीच्या पाहणी अधिकाऱ्याला भिजलेल्या साखरेचा हिशेब द्यायचा होता, तेव्हा मदतनीस म्हणाला, "गोदामपालांना विचारा, मला काय कळतंय." उघड तक्रार कोणीच केली नाही. अशा प्रसंगी ती होत नसते, आणि म्हणूनच मालकाने पेढीतले बारीकसारीक बदल पाहावे लागतात.

शेवटी बोलला तो पाकीट मिळालेला माणूसच. "शेठ, रागावू नका, पण ते पाकीट घेतल्यापासून गोदामात चहा एकट्यानं प्यावा लागतोय."

शेठांच्या सूनबाई पेढीचे हिशेब पाहतात. त्यांनी सासऱ्यांना एकच प्रश्न विचारला: "पप्पा, बक्षीस द्यायच्या आधी आपण त्यांचं देणं दिलं का?"

दिलेले नव्हते. बहुतेक पेढ्यांत घसरण होते ती नेमकी याच पायरीवर. रात्रीचे जादा तास हे कर्मचाऱ्याचे घेणे आहे. ते बक्षिसाच्या पाकिटात मिसळता येत नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार, तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवरील कामाचे वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे लागे. लहान पेढीला हा कायदा लागू नसेल, तरी हिशेबाची रीत तीच वापरण्यास कोणाची आडकाठी नाही.

सूनबाईंनी प्रत्येकाला विचारून तास लिहून काढले. गोदामपालाचा पगार २०,८००; महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर तासाला १०० रुपये, दुप्पट २००. त्याचे जादा तास तेरा, म्हणजे २,६०० रुपये. टेम्पोचालकाचा पगार १५,६००, तासाला ७५, दुप्पट १५०. पण त्याचे जादा तास निघाले सतरा, म्हणजे २,५५०. ज्याचे नाव कोणी घेतले नव्हते त्याचे तास सर्वांत अधिक होते. मदतनिसाचा पगार १०,४००, त्याचे तेरा तासांचे १,३०० झाले. टेम्पोचालकाने डिझेलचे १,८०० रुपये पदरचे घातले होते आणि त्याचा फोन पाण्यात गेला होता. ती भरपाई वेगळी. हमालांच्या रात्रीच्या कामाची मजुरी मंडळात भरायची राहिली होती, ती लेव्हीसह भरली.

काउंटरवरील बाईंच्या घराची पडझड हा आणखी वेगळा प्रश्न होता. तिचा कामाशी संबंध नव्हता. म्हणून त्यांना भरपगारी रजा आणि बिनव्याजी उचल दिली, आणि ती मदत म्हणूनच नोंदली. अडचणीतल्या माणसाला दिलेली मदत बक्षिसात मोजली तर दोन्हींचे मोल जाते: घेणाऱ्याला आपण कष्टाचे घेतो की कीव म्हणून घेतो, हेच उमगत नाही.

हे सारे देणे चुकते झाल्यावर जे उरते ते खरे बक्षीस. त्यासाठी सूनबाईंनी तीन प्रश्न ठरवले. नेहमीच्या कामापलीकडे काही केले का? कोणी न सांगता, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला का? काम करताना अंगावर धोका घेतला का? एका प्रश्नाचे उत्तर होय असेल तर १,५०० रुपये, दोहोंचे असेल तर ३,०००, तिन्हींचे असेल तर ५,०००. माल वाचला की गेला, हा प्रश्नच त्यांत नव्हता.

रक्कम पगाराच्या टक्क्यांत ठरवावी, असे दिवाणजींचे म्हणणे होते. पेढीवर बोनसची रीत तशीच. सूनबाईंनी ते नाकारले. जादा तासांचा मोबदला पगाराच्या दराने देणे रास्त आहे, कारण तो वेळेचा दाम आहे. परंतु गुडघाभर पाण्यातला धोका दहा हजारवाल्याला आणि वीस हजारवाल्याला सारखाच असतो. टक्केवारी लावली की त्याच धोक्याबद्दल गरिबाला निम्मे मिळते.

या मापाने गोदामपाल आणि टेम्पोचालक दोघेही ५,००० च्या पायरीवर आले: एकाने खुणेवर न विसंबण्याचा निर्णय घेतला, दुसऱ्याने शेवटच्या खेपेचा. मदतनिसाने सांगितलेले काम केले, स्वतः निर्णय घेतला नाही. पण काम रात्रीचे, जादा आणि धोक्याचे, म्हणून ३,०००. चारही हमाल तसेच, प्रत्येकी ३,०००. बाईंनी धोका पत्करला नाही, पण काम नेहमीपलीकडचे आणि निर्णय सर्वस्वी त्यांचा, म्हणून त्याही ३,००० वर. दिवाणजींचे काम त्यांच्या कर्तव्यातलेच, मात्र पाण्यातून जाऊन केलेले, १,५००. बेरीज २९,५०० झाली. एकट्याला दिलेल्या पाकिटाहून ही रक्कम केवळ ८,५०० रुपयांनी अधिक होती, आणि ती नऊ माणसांपर्यंत पोहोचत होती.

या मापालाही मर्यादा आहे. दिवाणजी साठीचे, त्यांनी कमरेला लागणाऱ्या पाण्यातून वह्या नेल्या, आणि त्या गेल्या असत्या तर पेढीची सारी उधारी बुडाली असती. १,५०० त्यांना थोडे वाटले असेलही. प्रश्नांची उत्तरे शेवटी माणूसच देतो. म्हणून ती एकट्या मालकाने देऊ नयेत; प्रत्यक्ष हजर असलेल्या दोघांना विचारावे, कारण मालकाच्या कानावर येते ते बहुधा मोठ्याने बोलणाऱ्याचे काम.

आता प्रश्न राहिला रूपाचा: रोख की वस्तू? या बाबतीत जर्मनीतील एक प्रयोग व्यापाऱ्यांनी माहीत करून घेण्याजोगा आहे. सेबास्टियन कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुपे या अर्थशास्त्रज्ञांचा तो शोधनिबंध २०१२ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यासाठी काही तासांपुरती माणसे नेमली होती. एका गटाला ठरलेल्या मोबदल्यावर सात युरो रोख जास्त दिले. दुसऱ्याला तेवढ्याच किमतीची, कागदात गुंडाळलेली थर्मासची बाटली. रोख मिळालेल्यांच्या कामात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. बाटली मिळालेल्यांचे काम सुमारे पाव पटीने वाढले. संशोधकांनी मग तीच रोख रक्कम नोटेची घडी घालून, छानशी सजवून दिली, तेव्हा तिचाही परिणाम बाटलीइतकाच झाला. म्हणजे प्रभाव वस्तूचा नव्हता. देणाऱ्याने आपल्यासाठी वेळ आणि विचार खर्च केला, ही जाणीव काम करत होती.

या प्रयोगाचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात: बाटलीने भागत असेल तर पैसे कशाला द्या? त्या ग्रंथालयातील माणसांचा ठरलेला मोबदला बुडवलेला नव्हता, हे विसरता कामा नये. ज्याचे सतरा तासांचे पैसे यायचे आहेत, त्याच्या हातात थर्मास ठेवणे म्हणजे त्याला डिवचणे होय.

पेढीने दोन्हींचा मेळ घातला. टेम्पोचालकाच्या घरचा मिक्सर पुरात गेल्याचे हमालांकडून कळले. त्याला साडेतीन हजारांचा मिक्सर आणि उरलेले दीड हजार रोख दिले. मदतनिसाला सायकल हवी होती, हे गोदामपालाने सांगितले. हमालांनी मात्र वस्तू नको, रोखच द्या, असे स्पष्ट सांगितले, आणि ते मानले गेले. पूर येऊन गेलेल्या घराला आधी रोकड लागते. तिथे आपली हौस लादू नये.

प्रत्येकासोबत एक चिठ्ठी होती. पहिला मसुदा दिवाणजींनी केला: "आपल्या अमूल्य योगदानाबद्दल पेढी आपली ऋणी आहे." सूनबाईंनी तो बाजूला ठेवला. मदतनिसाच्या चिठ्ठीत लिहिले गेले ते असे: "त्या रात्री तुम्ही साखरेची पोती एकेक करून मांडणीवर चढवली. उंची मी चुकीची सांगितली. तुमचे काम चोख होते." खाली शेठांची सही. ही सही करायला शेठांना दोन दिवस लागले.

करांची बाजू थोडक्यात पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी लागू असलेल्या आयकर नियमांनुसार मालकाने दिलेली वस्तू किंवा भेटकूपन वर्षभरात मिळून ५,००० रुपयांच्या आत असेल तर ते कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरले जात नसे; रोख मात्र पहिल्या रुपयापासून पगारच. पेढीतल्या या माणसांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपासही नव्हते, म्हणून त्यांना फरक पडला नाही. परंतु जास्त पगाराच्या व्यवस्थापकाला भेट देताना दिवाळीचे चांदीचे नाणेही त्याच मर्यादेत मोजावे लागते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. रोख रक्कम पगाराच्या नोंदवहीत दाखवावी. 'किरकोळ खर्च' या सदरात दडवू नये. जीएसटीमध्ये एका कर्मचाऱ्याला वर्षात ५०,००० रुपयांपर्यंतची भेट पुरवठा समजली जात नाही, पण भेटीच्या वस्तूवर भरलेल्या कराचे क्रेडिटही घेता येत नाही. पेढीतलाच माल भेट दिला तर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते.

राहिला गोदामपालाच्या पाकिटाचा प्रश्न. नव्या मापाने ५,००० बसत होते, दिले होते २१,०००. त्याने स्वतः परत करण्याची तयारी दाखवली. शेठांनी घेतले नाही. दिलेले परत घेतल्याने दुसऱ्यांना न्याय मिळत नाही, एकाचा अपमान मात्र होतो. त्याच्या जादा तासांचे २,६०० रुपयेही वेगळे दिले. इतरांना त्यांचे दिले आणि मोजमाप सर्वांसमोर वाचून दाखवले, पहिल्या वेळची चूक कबूल करून. तोवर पर्युषण येऊन ठेपले होते. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेठ पेढीवर आले ते थेट गोदामात गेले, आणि दरवर्षी नातेवाइकांना आणि व्यापाऱ्यांना म्हणतात ते 'मिच्छामि दुक्कडं' त्यांनी हमालांपासून सुरुवात करून प्रत्येकाला हात जोडून म्हटले.

दोन गोष्टी त्यानंतर पक्क्या झाल्या. प्रसंग संपल्यापासून दहा दिवसांत हिशेब पुरा करायचा आणि तो दिवाळीच्या बोनसमध्ये कधी मिसळायचा नाही. उशीर झाला की माणसे एकमेकांचे तास विसरतात आणि स्वतःचे वाढवतात. बोनसमध्ये मिसळले की पुढच्या वर्षी तेवढाच बोनस अपेक्षित धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे गोदामाच्या दाराशी टांगलेली एक जाड वही. अडचणीच्या वेळी कोण केव्हा आले आणि केव्हा गेले, एवढेच तिच्यात लिहायचे.

टेम्पोचालक तरीही दिवाळीनंतर नोकरी सोडून गेला. त्याने कर्ज काढून स्वतःचा टेम्पो घेतला. पहिल्या पाकिटाचा त्यात किती भाग होता, हे त्याने कधी सांगितले नाही.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. या वेळी शेठ गावात होते आणि २०१९ ची खूण भिंतीवर नव्या रंगाने काढलेली होती. तिच्यावर मात्र कोणी भिस्त ठेवली नाही, माल दुपारीच निघू लागला. रात्री साडेदहाच्या सुमारास दाराशी एक टेम्पो येऊन थांबला. जुना चालक खाली उतरला आणि म्हणाला, "पोती किती आहेत?" सूनबाईंनी आधी वही उघडून त्याचे नाव आणि वेळ लिहिली, शेजारी खेपेचे भाडे मांडले, आणि मग पोत्यांचा आकडा सांगितला.